कोकणकन्या पनवेलहून: बुकिंग १३ जुलैला उघडणार की १४ ला?

प्रश्न: "यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत. आम्ही चौघं शुक्रवारी ११ तारखेला रात्री पनवेलहून कोकणकन्येने कणकवलीला जाणार आहोत. साठ दिवस आधी बुकिंग सुरू होतं एवढं माहितीये, पण एक ॲप १३ जुलै दाखवतंय, दुसरं १४ जुलै आणि गावचा भाऊ ठामपणे १५ जुलै म्हणतोय. नक्की कुठल्या दिवशी सकाळी बसू? तुतारी पण चालेल."

१३ जुलैला बसा, सोमवार, सकाळी आठ वाजता. तुतारीसाठी मात्र १४ जुलै. आणि तुमच्या भावाचा १५ जुलै कुठून आला तेही सांगतो, कारण तिन्ही तारखा कोणीतरी हिशोब करूनच काढलेल्या आहेत, हवेतल्या नाहीत, फक्त एका हिशोबात एक पायरी चुकलीये आणि भावाच्या हिशोबात दोन.

मी रिझर्व्हेशनच्या खिडकीमागे बरीच वर्षं काढली, आता रिटायर झालोय, पण जून-जुलै आला की वाडीतले, सोसायटीतले, बायकोच्या माहेरचे सगळे फोन करतात आणि नव्वद टक्के वेळा प्रश्न हाच असतो. लोकांना वाटतं गोंधळ बेरीज-वजाबाकीत आहे. थोडासा असतो, पण खरा घोळ वेगळाच: साठ दिवस मोजायचे ते कुठल्या तारखेपासून? तुमच्या पनवेलच्या तारखेपासून मोजायचेच नाहीत. गाडी जिथून सुटते, त्या पहिल्या स्टेशनवरून ती ज्या तारखेला निघते तिथून मोजायचे.

आधी नियम बघू. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत ६० दिवस आहे, त्याआधी २०१५ च्या एप्रिलपासून ती १२० दिवस होती. म्हणून अजूनही कोणी कोणी मे महिन्यातच गणपतीचं तिकीट शोधत बसतं. नियमात एक छोटंसं वाक्य आहे, "प्रवासाचा दिवस वगळून". म्हणजे प्रवासाचा दिवस शून्य धरायचा, त्याच्या आदल्या दिवसाला एक म्हणायचं, असं करत मागे साठपर्यंत जायचं. पंचांग घेऊन बोटाने मोजणारी माणसं प्रवासाच्या दिवसावरच बोट ठेवून "एक" म्हणतात आणि तिथेच एक दिवस उशीर होतो. तुमच्या भावाचं हेच झालंय. त्याने पनवेलची तारीख १२ सप्टेंबर धरली (कोकणकन्या पनवेलला मध्यरात्रीनंतर येते, हे त्याला बरोबर माहितीये), मग बाराव्या तारखेलाच एक म्हणून मोजायला सुरुवात केली आणि १५ जुलैवर पोचला. त्याने बारा तारखेला शून्य धरलं असतं तर १४ जुलै आलं असतं, तुमचं दुसरं ॲप सांगतंय तेच. पण तेही कोकणकन्येसाठी चुकीचं.

कारण आता गाडी बघा. कोकणकन्या सीएसएमटीहून रात्री ११ वाजून ५ मिनिटांनी सुटते. दादर, ठाणे करत पनवेलला यायला बारा वाजून जातात, म्हणजे तारीख बदललेली असते. तुम्ही शुक्रवारी रात्री जेवून घरातून निघाल, तुमच्या डोक्यात शुक्रवारच असेल, पण पनवेलच्या फलाटावर गाडी लागेल तेव्हा शनिवार १२ सप्टेंबर सुरू झालेला असेल आणि तिकिटावरही पनवेलहून निघण्याची तारीख १२ च छापून येईल. रेल्वेच्या सिस्टीमला मात्र ही "११ तारखेची कोकणकन्या" आहे. सीएसएमटीहून ११ ला निघणारी एक आख्खी गाडी, तिचे डबे, तिच्या सीटा, सगळं एका गठ्ठ्यात एकाच सकाळी उघडतं, सीएसएमटीसाठी, पनवेलसाठी, चिपळूणसाठी, कणकवलीसाठी, सगळ्यांसाठी एकदम. असं नसतं की सीएसएमटीवाल्यांना आज आणि पनवेलवाल्यांना उद्या. सीटा त्याच असतात हो, दोनदा कशा उघडणार.

म्हणून ११ सप्टेंबरपासून मागे मोजा. अकरा दिवस मागे गेलं की ३१ ऑगस्ट. तिथून आणखी एकतीस गेलं की ३१ जुलै, झाले बेचाळीस. राहिले अठरा. एकतीसातून अठरा गेले, तेरा. १३ जुलै. कॉम्प्युटरवर करायचं असेल तर एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये एवढंच टाका:

```
=DATE(2026,9,11)-60
```

उत्तर तारखेऐवजी 46216 असं काहीतरी विचित्र आलं तर घाबरू नका, त्या चौकटीचा फॉरमॅट तारखेचा करा, १३ जुलै दिसेल. फक्त कंसात गाडी पहिल्या स्टेशनवरून सुटायची तारीख टाका, तुमची नाही.

मोजलेलं बरोबर आहे का हे तपासायला मी वार बघतो. साठ दिवस म्हणजे आठ आठवडे आणि वर चार दिवस, त्यामुळे शुक्रवारी सुटणाऱ्या गाडीचं बुकिंग कायम सोमवारी उघडतं, शनिवारचं मंगळवारी, रविवारचं बुधवारी. तुमचं उत्तर वेगळ्या वाराला आलं की समजायचं बोट कुठेतरी घसरलंय. खिडकीवर असताना फोन वाजला की मी आधी वार सांगायचो आणि मग तारीख. (तेव्हा १२० दिवस होते, त्याचा हिशोब सतरा आठवडे आणि एक दिवस, ते तर आणखी सोपं होतं.)

आता हा एक दिवस किती महाग पडतो ते एका माणसाची गोष्ट सांगतो, म्हणजे लक्षात राहील. गणपतीच्याच सीझनला पनवेलकडचे एक काका पहाटे चारला येऊन लाईनीत बसले होते. पहिला नंबर. हातात नीट भरलेला फॉर्म, अक्षर मोत्यासारखं, पाच जणांची नावं, वयं, पनवेल ते कुडाळ, कोकणकन्या, तारीख मध्यरात्रीनंतरची अगदी अचूक. आठ वाजले, शटर वर गेलं, मी फॉर्म घेऊन टाईप केला आणि स्क्रीनवर पहिल्याच फटक्यात वेटिंग आलं, तेही तीन आकडी. काका खिडकीच्या जाळीला चिकटून बघत होते. "साहेब, मी पहिला आहे ना? आठ वाजून एक मिनिट पण नाही झालं, मग माझ्या आधी एवढी माणसं आली कुठून?" मागची सगळी लाईन कुजबुजायला लागली, एजंट, सेटिंग, वगैरे वगैरे. आणि मला त्यांना सांगावं लागलं की काका, ही गाडी काल सकाळी उघडली, तुम्ही आज आलात. त्यांनी एक शब्द न बोलता फॉर्म परत घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि बाजूला झाले. तो माणूस हिशोबात कच्चा नव्हता. त्याने मोजलं बरोबर, फक्त स्वतःच्या स्टेशनपासून मोजलं. त्या दिवसापासून मी पनवेल म्हटलं की आधी विचारतो, गाडी कुठली?

कारण पनवेलमध्येच उलटं उदाहरण उभं आहे, तुमची तुतारी. तुतारी दादरहून सुटते रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी. म्हणजे जी गाडी सगळे "शुक्रवार रात्रीची तुतारी" म्हणतात ती कागदावर शनिवार १२ सप्टेंबरची गाडी आहे, ती जन्मालाच बारानंतर येते. तिचं पहिलं स्टेशन दादर, तारीख १२, म्हणून साठ दिवस मागे गेलं की १४ जुलै, मंगळवार. पनवेललाही ती १२ तारखेलाच येते, कोकणकन्येच्या मागून साधारण तासाभराने. आता गंमत बघा, पनवेलचा एकच फलाट, एकच रात्र, तिकिटावर एकच तारीख १२ सप्टेंबर, दोन गाड्यांमध्ये तासाभराचं अंतर, आणि एकीचं बुकिंग १३ जुलैला तर दुसरीचं १४ ला. तुमची दोन ॲप भांडतायत ती इथेच. दुसरं ॲप नुसतं तारखेतून साठ वजा करतंय, तुतारीला त्याचं उत्तर बरोबर, कोकणकन्येला चूक. पहिलं ॲप बहुतेक गाडीचं वेळापत्रक बघतंय, किंवा तुम्ही त्यात ११ तारीख टाकलीत आणि नशिबाने बरोबर आलं. नशिबाने का म्हणतो, तर पनवेलहून ११ तारीख टाकून खरोखर बुकिंग करायला गेलात तर तुम्हाला गुरुवारी १० ला सीएसएमटीहून सुटलेली गाडी मिळेल, म्हणजे ऑफिसचा शुक्रवार उजाडायच्या आधीच तुमची गाडी निघून गेलेली असेल. हे दरवर्षी कोणी ना कोणी करतं, आणि कळतं तेव्हा गाडी रोह्याच्या पुढे असते.

दादरहून जाणाऱ्यांना उलटा फटका बसतो. त्यांच्यासाठी कोकणकन्या अकरानंतर थोड्या वेळाने येते, तारीख ११ च, उघडणार १३ जुलैला. आणि तुतारीसाठी ११ तारीख टाकली की आदल्या रात्रीची तुतारी मिळते. रात्री बाराच्या आसपासच्या गाडीचं तिकीट काढताना मी घरच्यांना वार विचारतच नाही, "बारा वाजायच्या आधी की नंतर" एवढंच विचारतो.

कुठल्याही गाडीसाठी हे स्वतः कसं शोधायचं? आयआरसीटीसीवर गाडीच्या नावाजवळ `Train Schedule` असतं, ते उघडलं की सगळी स्टेशनं, वेळा, आणि एका रकान्यात `Day` दिसतो. तुमच्या चढायच्या स्टेशनसमोर १ असेल तर तुमची तारीख आणि गाडीची तारीख एकच, सरळ साठ वजा करा. २ असेल तर आधी एक दिवस मागे या आणि मग साठ, म्हणजे तुमच्या हिशोबाने एकसष्ट. ३ असेल तर बासष्ट. कोकणकन्येत सीएसएमटी, दादर, ठाण्यासमोर १ आहे आणि पनवेलपासून पुढे २. तुतारीत शेवटपर्यंत १ च. मांडवी, जनशताब्दी, तेजस, वंदे भारत या पहाटे-सकाळी मुंबईहून सुटतात आणि दिवसाउजेडी कोकण पार करतात, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही. पावसाळी वेळापत्रक लागू झालं की कोकण रेल्वेवर गाड्या हळू चालतात आणि मधल्या स्टेशनांच्या वेळा सरकतात, म्हणून जे स्टेशन बाराच्या अलीकडे-पलीकडे आहे त्याचा `Day` सप्टेंबरच्याच तारखेसाठी बघा, फेब्रुवारीत बघून ठेवलेला नको.

परतीचं पण आत्ताच लिहून ठेवा, कारण जाताना सगळ्यांना आठवतं आणि येतानाचं गौरी बसल्यावर आठवतं. समजा तुम्ही रविवारी २० सप्टेंबरला येणार. कोकणकन्या मडगावहून संध्याकाळी सुटते, कणकवलीला त्याच संध्याकाळी येते, `Day` १, म्हणून २२ जुलै, बुधवार. पण तुमच्यापैकी कोणी रत्नागिरीहून केरळकडून येणारी नेत्रावती धरणार असेल तर ती तिरुवनंतपुरमहून आदल्या दिवशी निघालेली असते, रविवारी रत्नागिरीला दुसरा दिवस, म्हणजे ती २१ जुलैलाच उघडणार. एकाच घरातली दोन तिकिटं, एकाच रविवारची, दोन वेगळ्या सकाळी. आणि जाण्या-येण्याचं दोन्ही एकाच दिवशी बसून होणार नाही, हे तर उघडच आहे.

तोंडी हिशोबासाठी एक युक्ती, कॅलेंडर जवळ नसेल तर. साधारणपणे दोन महिने मागे जा आणि तारखेत एक मिळवा. गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला होते, तेव्हा २२ ऑगस्टच्या गाड्या २३ जूनला उघडल्या, बरोबर एक जास्त. यंदा सप्टेंबर आहे, मागचे जुलै-ऑगस्ट दोन्ही एकतीसचे, म्हणून दोन मिळवायचे: ११ चे १३, २० चे २२. फेब्रुवारीच्या प्रवासालाही दोनच. आणि मार्च-एप्रिलचा प्रवास असेल तर मधे फेब्रुवारी येतो म्हणून उलट एक वजा, १० मार्चचं ९ जानेवारीला (लीप वर्ष असेल तर काहीच मिळवायचं नाही, वजाही नाही). गेल्या वर्षीची "एक मिळवा" ची सवय लावून कोणी यंदा १२ जुलैला बसला तर नुकसान काही नाही, फक्त एक सकाळ वाया. आधी बसणं परवडतं, उशिरा बसणं नाही.

किंबहुना १२ जुलैला मी मुद्दामच बसायला सांगतो. रविवार आहे, घरीच असाल. सकाळी आठनंतर पनवेल ते कणकवली, ११ सप्टेंबर, कोकणकन्या बघा. आकडे दिसायला लागले, म्हणजे १० ला सीएसएमटीहून निघणारी गाडी उघडली, म्हणजे तुमचा हिशोब बरोबर आहे आणि तुमची गाडी उद्या सकाळी आठला. शिवाय वेटिंग किती मिनिटांत लागतं त्याचा अंदाज येतो, लॉगिन चालतंय का, पासवर्ड आठवतोय का, हेही कळतं. तिकीट काढू नका म्हणजे झालं.

त्याच वेळी अकाउंट आधारशी जोडून प्रमाणित करून घ्या, हे आता टाळून चालणार नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बुकिंग उघडल्यावरची पहिली पंधरा मिनिटं फक्त आधार-प्रमाणित अकाउंटसाठी ठेवली आणि नंतर ती वेळ वाढवत नेली. तारीख अचूक काढून, सात पन्नासला लॉगिन करून बसलेला माणूस या एका गोष्टीपायी नुसता बघत राहतो. चौघांची नावं, वयं आधीच मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा, एका तिकिटावर सहा जण बसतात त्यामुळे तुमचं एकाच तिकिटात होईल.

१३ ला नाही जमलं तर हात चोळत बसू नका, तुमच्याकडे तुतारी आहे आणि ती दुसऱ्या दिवशी उघडते. त्याच रात्रीच्या प्रवासाला दोन सकाळी दोन प्रयत्न, हे पनवेलवाल्यांचं सुख आहे. मी तर सांगेन १३ ला वेटिंग लगेच वाढत गेलं तर त्या वेटिंगमध्ये पैसे अडकवायच्या आधी १४ चा प्रयत्न करून बघा. आणखी एक, पनवेलहून शोधताना जागा संपलेल्या दिसल्या तर सीएसएमटी ते कणकवली, ११ तारीख, असंही बघा आणि तिकीट काढतानाच चढायचं स्टेशन पनवेल निवडा. भाडं सीएसएमटीपासूनचं लागेल, पण कधी कधी लांबच्या स्टेशनच्या कोट्यात जागा असते. कधी कधी, दरवेळी नाही.

तत्काळलाही हाच नियम, आणि तिथे लोक दुसऱ्यांदा फसतात. तत्काळ एक दिवस आधी उघडतं, तेही गाडी पहिल्या स्टेशनवरून सुटायच्या तारखेच्या. म्हणजे तुमच्या कोकणकन्येचं तत्काळ गुरुवारी १० सप्टेंबरला, एसीचं सकाळी दहाला, स्लीपरचं अकराला. तिकिटावर १२ तारीख बघून जो शुक्रवारी ११ ला बसेल त्याच्यासाठी तत्काळचा कोटा कालच संपलेला असेल. तुतारीचं मात्र शुक्रवारीच.

साठ दिवसांचा हिशोब जिथे लागूच होत नाही त्या म्हणजे गणपती स्पेशल गाड्या. त्या रेल्वे वेगळ्या जाहीर करते आणि प्रत्येक गाडीचं बुकिंग कुठल्या दिवशी सुरू होणार ते त्याच पत्रकात लिहिलेलं असतं, कधी प्रवासाच्या साठ दिवस आधी तर कधी बरंच उशिरा. त्यामुळे तिथे मोजत बसू नका, पत्रक वाचा. तसंच काही दिवसा धावणाऱ्या जवळच्या गाड्यांची मुदत साठपेक्षा कमी असते, पण तुमच्या या दोन्ही गाड्या त्यात येत नाहीत.

तर मोबाईलमध्ये एवढे गजर लावा: १२ जुलै रविवार तालमीला, १३ जुलै सोमवार कोकणकन्या, १४ जुलै मंगळवार तुतारी, २२ जुलै बुधवार परतीला. सगळे पावणेआठचे. आणि भावाला फोन करून सांगा की १५ तारखेला सुट्टी टाकायची गरज नाही.